बाटलीच्या गळ्यातून आलेला गळा

गिटारच्या दांडीवर जे धातूचे आडवे पडदे बसवलेले असतात, ते गिटारला सूर देतात आणि त्याच वेळी तिच्या हातून एक गोष्ट काढून घेतात. तार पडद्यामागे दाबली की ठरलेला सूर अचूक वाजतो, पण दोन पडद्यांच्या मधला सूर दाबून मिळत नाही. सतारीच्या पडद्यांवर बोटाने तार बाजूला ओढून दीर्घ मींड घेता येते. साध्या गिटारवर, विशेषतः जुन्या काळच्या जाड तारांच्या गिटारवर, तशी सोय जवळजवळ नव्हतीच. अमेरिकेच्या मिसिसिपी भागातल्या कृष्णवर्णीय गायकांची अडचण नेमकी इथे होती, कारण त्यांच्या गाण्याचा प्राण त्या मधल्या सुरांत होता.

ब्लूज गाणारा गळा गंधारावर एका जागी ठरत नाही. कोमल गंधारापासून तो शुद्ध गंधाराच्या दिशेने चढू लागतो, वाटेत कुठेतरी थबकतो आणि तिथूनच खाली षड्जाकडे उतरतो. निषादाशीही त्याचे वागणे असेच असते, काही गायकांच्या पंचमाशीही. या डळमळत्या जागांना ब्लूजवाले ‘ब्लू नोट’ म्हणतात. पियानोवर ती जागा नसल्यामुळे पियानोवादक कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार एकदम किंवा घाईने एकामागून एक वाजवून तिचा भास करतात. गिटारवाल्यांनी दुसरा मार्ग काढला आणि पडदेच बाजूला सारले. सुरी, हाड, धातूची नळी, फुटलेल्या बाटलीचा गळा, असे जे कडक आणि गुळगुळीत हाती आले ते त्यांनी तारेवर टेकवून सरकवायला सुरुवात केली. बाटलीच्या गळ्यावरून या वादनाला ‘बॉटलनेक’ हे नाव पडले. आज दुकानात मिळणाऱ्या काचेच्या किंवा पितळेच्या नळीला नुसते ‘स्लाइड’ म्हणतात.

ही पद्धत कुठून आली याचे एकच एक उत्तर नाही. हवाईमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी पट्टी फिरवली जाऊ लागली होती, आणि पुढे हवाईयन वादकांचे ताफे अमेरिकाभर फिरले. इकडे दक्षिणेतल्या मुलांचे एक खेळणे होते. घराच्या भिंतीवर एकच तार ताणून बसवायची आणि तिच्यावर बाटली सरकवत सूर काढायचे. या खेळण्याला ‘डिडली बो’ म्हणत, आणि त्याचे नाते आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांशी जोडले जाते. डब्ल्यू. सी. हॅन्डी या संगीतकाराने आपल्या आत्मचरित्रात 1903च्या सुमाराची एक आठवण लिहून ठेवली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर तो गाडीची वाट पाहत असताना शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हॅन्डीला त्या सुरीवरून हवाईयन वादकांची आठवण झाली. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले असावेत, असे मानायला बरीच जागा आहे. ब्लूजच्या ध्वनिमुद्रणात मात्र ही पद्धत प्रथम 1923 साली आली, सिल्व्हेस्टर वीव्हरच्या वादनातून.

वादनाची क्रिया दिसायला सोपी असते. नळी डाव्या हाताच्या करंगळीत किंवा अनामिकेत घालायची, तारेवर अलगद टेकवायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. यातला ‘अलगद’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तार पडद्यापर्यंत दाबायची नसते. नळी स्वतःच फिरता पडदा बनते आणि तार तिच्यापासून घोडीपर्यंत कंप पावते. बोटाने वाजवताना बोट पडद्याच्या थोडे मागे ठेवतात. नळी मात्र नेमकी पडद्याच्या डोक्यावर यावी लागते, नाहीतर सूर उतरलेला किंवा चढलेला येतो. नवशिक्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. तो वरून तिरका पाहतो, त्यामुळे नळीची जागा त्याच्या डोळ्याला फसवते. सूर सतत एकाच बाजूला बेसूर लागत असेल, तर कारण कानात नसून डोळ्यात आहे असे समजावे. नळी पडद्याला खटखट आपटत असेल, तर एकतर दाब जास्त आहे, नाहीतर तारा दांडीच्या फार जवळ आहेत. म्हणून स्लाइडच्या गिटारवर तारा थोड्या उंच आणि जाड ठेवतात.

त्याहून अवघड भाग म्हणजे नको ते आवाज बंद ठेवणे. नळी टेकली की तार दोन भागांत विभागली जाते, आणि नळीच्या मागचा, खुंट्यांकडचा तुकडाही कुजबुजू लागतो. शेजारच्या तारांवरून नळी घासली की त्याही बोलतात. याला उपाय म्हणून नळीच्या मागे डाव्या हाताची एक-दोन बोटे तारांवर हलकी पसरून ठेवतात, आणि उजव्या हाताची मोकळी बोटे ज्या तारा वाजायला नकोत त्यांच्यावर टेकवतात. नळी अनामिकेत घातली तर मागे तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे या कामाला उरतात. करंगळीत घातली तर तीन बोटे मोकळी राहतात आणि त्यांनी अधूनमधून पडदे दाबून साधे सूरही वाजवता येतात. चांगल्या स्लाइडवादकाचे निम्मे कौशल्य या शांततेत असते. गायकाच्या गळ्यातून एका वेळी एकच सूर निघतो. मागे चार तारांचा गलबला चालू असेल, तर कितीही सुंदर मींड गळ्यासारखी वाटणार नाही.

तारांची जुळवणीही बदलली जाते. ‘ओपन डी’ आणि ‘ओपन ई’ या दोन्ही जुळवण्यांत, खालच्या तारेपासून मोजले तर, सहा तारा सा प सा ग प सा अशा लागतात. ‘ओपन जी’मध्ये प सा प सा ग प असा क्रम येतो. नळी सरळ असल्यामुळे बाराव्या पडद्यावर सगळ्या तारांवर आडवी ठेवली की वरच्या सप्तकातला तोच भरगच्च स्वरमेळ मिळतो, पाचव्यावर ठेवली की मध्यमाचा आणि सातव्यावर पंचमाचा. बारा मात्रांपेक्षा मोठ्या, बारा ‘बार’च्या ब्लूज चक्राला हे तीन मेळ पुरतात. त्याची किंमतही चुकवावी लागते. गंधार जुळवणीतच शुद्ध बांधलेला असल्यामुळे कोमल गंधाराचा पूर्ण मेळ सरळ नळीने निघत नाही, आणि जलद तानांत प्रत्येक सुरासाठी नळी हलवून मागचा सूर गप्प करावा लागतो. स्लाइडवर वेगापेक्षा लांब, ओढलेला सूर जास्त शोभतो, त्याचे मूळ या अडचणीत आहे.

मधला सूर किती बारकाईने लावावा लागतो, हे मोजून पाहता येते. गिब्सन जातीच्या गिटारवर तारेची बोलती लांबी साधारण 628 मिलिमीटर असते. तिच्यावर पहिला पडदा सुरुवातीपासून सुमारे 35 मिलिमीटरवर असतो, तर अकरावा आणि बारावा यांच्यात फक्त 18-19 मिलिमीटरचे अंतर उरते. वरच्या सप्तकात गंधाराची ती डळमळती जागा म्हणजे नळीची जेमतेम नऊ मिलिमीटरची हालचाल. तिथे दोन मिलिमीटरची चूक झाली तरी तयार कानाला खटकते. डोळा पडद्यापर्यंत नेऊन सोडतो, पुढचे सगळे काम कानाचे.

गळ्याची नक्कल सुरांपुरती नसते, ती वाक्याच्या घडणीतही असते. ब्लूजचे कडवे बहुधा तीन ओळींचे असते. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचे उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गायक साधारण पहिल्या दोन बारांत ओळ संपवतो. उरलेली जागा गिटारची. ख्यालगायनात पेटी गायकाच्या मागोमाग जाते, तसे इथे गिटार ओळीला उत्तर देते. ही जागा शतकानुशतके चालत आलेल्या कामगीतांतून आणि चर्चमधल्या सवाल-जबाबांतून आली. गाणारा आणि वाजवणारा माणूस एकच असल्यामुळे दोन्ही आवाज एकाच श्वासाचे राहिले.

टेक्सासचा अंध धर्मगायक ब्लाइंड विली जॉन्सन याच्या मुद्रणांत हे नाते उघडपणे ऐकू येते. तो एखादी ओळ म्हणता म्हणता शेवटचा शब्द गिळतो आणि तो शब्द गिटारकडून पुरा करून घेतो. 1927च्या डिसेंबरमध्ये डलासला मुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’मध्ये शब्दच नाहीत. तो गुणगुणतो, गिटार त्याच सुरांत त्याच्या बाजूने चालते, आणि काही क्षण कोणता आवाज माणसाचा हे सांगणे कठीण जाते. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत या रचनेचा समावेश झाला.

जॉन्सनच्या वादनात गिटार अजून गाण्याची साथीदार आहे. तिला स्वतंत्र गायिका बनवण्याचे श्रेय मुख्यतः शिकागोच्या टॅम्पा रेडकडे जाते. भरगच्च मेळ बाजूला ठेवून त्याने एकाच तारेवर स्वच्छ, गोड धून काढायला सुरुवात केली. रॉबर्ट नाइटहॉकने ती उचलली आणि नाइटहॉककडून ती अर्ल हूकरकडे गेली. रॉकच्या एकल वादनाकडे जाणारी वाट इथून निघते, पण डेल्टाच्या कथांमध्ये तिची आठवण फारशी होत नाही.

मधल्या काळात वीज आली होती. लाकडी गिटारवर ओढलेला सूर लगेच विझतो. मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीतून शिकागोला आला, तिथल्या गोंगाटाच्या गुत्त्यांत वाजवू लागला आणि गिटारला विजेची जोड देणे त्याला भागच पडले. 1948च्या ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’मध्ये डेल्टाची स्लाइड विजेवर ऐकू येते. नळ्यांचा अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे वाजवला की मोठा आवाज दाबला जातो आणि लहान आवाज वर येतो. त्यामुळे विझू पाहणारा सूर टिकून राहतो आणि त्याला खरखरीची किनार येते. ओढलेल्या सुराला श्वासाची लांबी मिळाली ती या यंत्रामुळे. एल्मोर जेम्सने तर कॅन्टनमधल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम केले होते, आणि त्याच्या गिटारचा भाजलेला आवाज दुसऱ्या कोणाचाही वाटत नाही. रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये ‘डस्ट माय ब्रूम’चे ठोके बोटांनी वाजवले होते. जेम्सने 1951च्या मुद्रणात तेच तिहेरी ठोके बाराव्या पडद्यावर नळीने, पूर्ण मेळात, ओरडल्यासारखे वाजवले. पुढच्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक स्लाइडवादकाने शिकताना पहिल्यांदा हेच गिरवले.

गिटारने गळ्याचे बोलणे किती पुरते आत्मसात केले होते, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘यू शुक मी’. अर्ल हूकरने शिकागोच्या एज कंपनीसाठी ‘ब्लू गिटार’ नावाची एक शब्दविरहित रचना मुद्रित केली होती. स्लाइडवर वाजवलेली, संथ, प्रत्येक वाक्य सुटे आणि दोन वाक्यांमध्ये श्वासाएवढी जागा ठेवणारी. चेस कंपनीला ती इतकी आवडली की 1962 मध्ये त्या तयार मुद्रणावरच विली डिक्सनचे शब्द बसवून मडी वॉटर्सचा आवाज चढवण्यात आला. म्हणजे एरवीचा क्रम उलटा झाला. एरवी गिटार गायकामागे जाते, इथे गायक गिटारमागे गेला आणि तिच्या वाक्यांवर आपले शब्द ठेवत राहिला. शब्द कुठे अडखळत नाहीत, कारण हूकरने वाजवताना मुळात ‘गायले’ होते. त्याची वाक्ये ठोक्याच्या किंचित मागे सुरू होतात, वर चढून थांबतात आणि शेवटचा सूर उतरता सोडतात. 1968 मध्ये जेफ बेक आणि 1969 मध्ये लेड झेपेलिन यांनी हे गाणे घेतले. झेपेलिनच्या आवृत्तीत रॉबर्ट प्लांटचा आवाज आणि जिमी पेजची स्लाइड पुष्कळदा एकाच धुनेवरून जोडीने चालतात.

ब्रिटनमध्ये स्लाइडची ओळख करून देण्यात रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स पुढे होता. त्याची स्लाइड असलेले ‘लिटल रेड रूस्टर’ 1964च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. एका संथ ब्लूज गाण्याने तिथे पहिले स्थान गाठणे ही तेव्हा अनपेक्षित गोष्ट होती. फ्लीटवुड मॅकचा जेरेमी स्पेन्सर एल्मोर जेम्सची हुबेहूब नक्कल करण्यासाठीच ओळखला जाई.

रॉकच्या एकल वादनापर्यंत गळ्याचे बोलणे पोहोचले ते मात्र नळीतूनच असे नव्हे. दुसरी वाट बी. बी. किंगमुळे पडली. त्याचा नातलग बुका व्हाइट स्लाइड उत्तम वाजवी. किंगला ती जमेना. म्हणून त्याने नळीचा थरथरता सूर बोटाने काढण्याचा प्रयत्न केला. तार दाबून ठेवायची आणि मनगटातून बोट झपाट्याने हलवायचे. बाजूला ओढलेल्या तारेची मींड आणि हा थरार यांतून त्याचे वादन घडले, आणि एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन आदींनी ते उचलले. स्लाइड कधीही हाती न घेतलेल्या अनेक रॉक गिटारवादकांच्या बोटांत अशा रीतीने तिचीच चाल उतरली आहे. फरक एका ठिकाणी राहतो. बोटाने ओढलेली तार ताणली जाते, म्हणून तिचा कंप मूळ सुराच्या वर जातो आणि परत येतो. नळी सुराच्या वर आणि खाली सारखी झुलते, तसा गाणाऱ्याचा आवाजही झुलतो. स्लाइडचा सूर ऐकताच माणसाची आठवण येते, ती मुख्यतः या झुलण्यामुळे.

या सगळ्या वाटा जिथे एकत्र आल्या तो वादक डुएन ऑलमन. त्याचा भाऊ ग्रेग याने सांगितलेली हकिगत अशी. डुएनला सर्दी झाली होती आणि घोड्यावरून पडून हातही दुखत होता. वाढदिवसाला ग्रेगने त्याच्या दाराशी दोन गोष्टी आणून ठेवल्या, सर्दीच्या कोरिसिडिन गोळ्यांची बाटली आणि ताज महाल या गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका. तिच्यातल्या ‘स्टेट्सबोरो ब्लूज’मध्ये जेसी एड डेव्हिसची स्लाइड होती. डुएनने बाटली रिकामी केली, धुतली, अनामिकेत घातली आणि तीच त्याची नळी झाली. काचेची, एका बाजूने बंद, बोटात नीट बसणारी. पुढे या बाटलीची इतकी मागणी वाढली की तिच्या नकला तयार होऊन विकल्या जाऊ लागल्या.

मूळ ‘स्टेट्सबोरो ब्लूज’ ब्लाइंड विली मॅक्टेलने 1928 मध्ये बारा तारांच्या गिटारवर म्हटले होते, आणि त्यात नंतरच्या गाण्यातली रेंगाळणारी स्लाइड नाही. ऑलमन ब्रदर्स बँडने 1971च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ते वाजवले, ते मुद्रण या तंत्राचा नमुना म्हणून ऐकण्यासारखे आहे. डुएनची गिटार ओपन ईमध्ये जुळवलेली होती, पण गाणे डी स्वरात होते. त्यामुळे जुळवणीत बांधलेला मेळ थेट कामाचा नव्हता. वरच्या तारेवर त्याचा षड्ज दहाव्या पडद्यावर येई, कोमल गंधार तेराव्यावर आणि शुद्ध गंधार चौदाव्यावर, या दोहोंत जेमतेम साडेसोळा मिलिमीटर. सुट्या तारांचा आधार सुटला की उरतो तो एकेका तारेवर गायला जाणारा सूर. टॅम्पा रेडने जे सुरू केले होते ते इथे अॅम्प्लिफायरच्या जोरावर पूर्णत्वाला गेले.

गाण्याची सुरुवातच स्लाइडने होते. ग्रेग गाऊ लागला की ती मागे सरते आणि ओळीच्या शेवटी उरलेल्या जागेत परतते. एकल वादन आल्यावर तीच वाक्ये लांबतात, पण त्यांची मोडणी बदलत नाही. छोटा बोल, विराम, तोच बोल थोडा वर, आणि मग उत्तर. डुएन स्लाइड वाजवताना पिक वापरत नसे. उजव्या हाताची मोकळी बोटे तारा गप्प ठेवत, आणि म्हणूनच एवढ्या मोठ्या आवाजातही प्रत्येक वाक्य स्वच्छ सुटते. त्यानंतर डिकी बेट्स नुसत्या बोटांनी वाजवतो. दोघे पाठोपाठ ऐकले की नळीचा सूर आणि पडद्याचा सूर यांतला फरक शिकवावा लागत नाही.

त्याच्या आधी, 1970 मध्ये, ‘लैला’च्या उत्तरार्धात डुएनची नळी शेवटच्या पडद्याच्याही पुढे जाते. तिथे दांडीवर कसलीही खूण नाही, आणि अर्ध्या सुराला दहा मिलिमीटरपेक्षाही कमी जागा उरते. पक्ष्यासारखे ते बारीक सूर त्याने पूर्णपणे कानावर भरवसा ठेवून लावले. 29 ऑक्टोबर 1971 रोजी जॉर्जियातल्या मेकन शहरात मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. तेव्हा तो 24 वर्षांचा होता.

पुढे या बँडमध्ये डेरेक ट्रक्स आला. तोही ओपन ईमध्ये, पिक न घेता वाजवतो, आणि अली अकबर खाँच्या सरोदवादनाचा त्याच्या स्लाइडवर खोल प्रभाव आहे. सरोदलाही पडदे नाहीत, त्यामुळे त्याला तिथे ओळखीचे काही सापडावे यात नवल नाही. भारताकडून ही देवघेव आधीच सुरू झाली होती. हवाईयन गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळली होती, आणि ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवून दाखवले होते. विश्वमोहन भट्टांनी तिच्यात चिकारी आणि तरफेच्या तारा बसवल्या. 1993 मध्ये त्यांचा आणि अमेरिकन स्लाइडवादक राय कूडरचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा संग्रह आला. त्यात एकाचा सूर मिसिसिपीच्या नळीचा आणि दुसऱ्याचा पोलादी पट्टीचा. कूडर ओळ सोडून देतो, भट्ट ती उचलतात, आणि दोघांच्याही हाताखाली पडद्यांचे काम संपलेले असते.